मागणीची पोच का मिळत नाही? रोजगार हमी आणि धनी-कारभारी प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत रोजगार हमीच्या कामाची मागणी करणाऱ्या मजुरांना मी काही वर्षं अर्ज भरून देतो आहे. बैठक कुठेही असो, प्रश्न तेच येतात. सांगलीतले अर्थशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासासाठी येतात, तेही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. दोघांनाही उपयोगी पडावीत म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. योजना अनेक असल्या तरी इथे मी एकाच कागदाबद्दल बोलणार आहे : कामाच्या मागणीच्या अर्जावर मिळणारी, तारीख घातलेली पोच.

प्रिन्सिपल-एजंट प्रश्न म्हणजे काय?

तासगावात तुमची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि तुम्ही नोकरीला पुण्यात आहात, असं समजा. बाग एका माणसाच्या हवाली आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत ढगाळ हवा पडली, डाऊनीची बुरशी आली आणि निम्मे घड गेले. त्याने फवारणी वेळेवर केली होती आणि पावसाने धुऊन गेली, की त्या दिवशी तो बागेत गेलाच नव्हता? पुण्यात बसून तुम्हाला हे कळत नाही. निकाल दिसतो, कष्ट दिसत नाहीत. त्यात बाग गेल्याचं दुःख तुमचं, पहाटे चारला उठण्याचा त्रास मात्र त्याचा.

प्रिन्सिपल म्हणजे ज्याचं काम आहे तो, एजंट म्हणजे ते काम ज्याच्यावर सोपवलं आहे तो. मराठीत मी त्यांना धनी आणि कारभारी म्हणतो. प्रश्न उभा राहायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : दोघांचं हित वेगळं असणं आणि कारभाऱ्याला जे माहीत आहे ते धन्याला माहीत नसणं. एकच गोष्ट असेल तर प्रश्न फारसा उरत नाही. हित वेगळं असलं तरी सगळं डोळ्यांसमोर घडत असेल तर धनी ताबडतोब जाब विचारतो. काही दिसत नसलं तरी हित एकच असेल तर दिसायची गरजच पडत नाही.

अर्थशास्त्रात ही मांडणी १९७० च्या दशकात पक्की झाली. कंपनीचे भागधारक आणि व्यवस्थापक, विमा कंपनी आणि विमेदार ही तिची नेहमीची उदाहरणं. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये वाटेकरी शेतीवर केलेलं लेखनही याच विचाराच्या सुरुवातीच्या काळातलं आहे. त्यामुळे हे शास्त्र आपल्या बांधापासून फार लांबचं आहे असं समजू नका.

सरकारी योजनेत धनी कोण आणि कारभारी कोण?

इथे एक धनी आणि एक कारभारी अशी जोडी नसते, साखळी असते. दिल्लीने पैसे आणि नियम द्यायचे, मुंबईने यंत्रणा उभी करायची, सांगलीत जिल्हाधिकाऱ्यांनी समन्वय करायचा, तालुक्याने कामं मंजूर करायची आणि गावात ग्रामसेवक व ग्रामरोजगार सेवक यांनी ती मजुरांपर्यंत पोचवायची. प्रत्येक जण वरच्याचा कारभारी आणि खालच्याचा धनी असतो. खाली काय घडलं याची बातमी वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी गाळली जाते, कारण ती बातमी ज्याच्याबद्दल असते त्याच्याच हातून पुढे जाते.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. तालुक्याला कार्यक्रम अधिकारी तहसीलदार, आणि त्यांच्या जोडीला सहकार्यक्रम अधिकारी म्हणून गटविकास अधिकारी. एक साखळी महसूलची, दुसरी जिल्हा परिषदेची. गावातला माणूस दोघांना उत्तर देतो. प्रत्यक्षात याचा अर्थ असा होतो की नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला कोणालाच द्यावं लागत नाही. "तहसीलला विचारा," असं पंचायत समितीत ऐकायला मिळतं आणि "पंचायत समितीत जा," असं तहसीलला.

आता लोकशाहीचा हिशेब लावला तर खरी धनी ती मजूर बाई आहे. तिच्या हक्कासाठी ही सगळी साखळी उभी केली. साखळीत ती मात्र सगळ्यात शेवटी, हात जोडून उभी असते.

सगळ्या योजना सोडून रोजगार हमीच का निवडली?

एक कारण इथल्या मातीचं आहे. रोजगार हमीची कल्पना मांडणारे, विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ मध्ये आला.

दुसरं कारण अभ्यासाचं. बहुतेक योजनांत सरकार देईल तेव्हा घ्यायचं असतं. इथे मजुराने मागायचं आणि पंधरा दिवसांत काम मिळायचं, नाही मिळालं तर बेकारी भत्ता, असं कायद्यात लिहिलेलं होतं. कारभारी चुकला की किंमत मोजावी लागेल, अशी सोय कायद्यातच केली होती. एवढी चांगली सोय असूनही ती कशी निकामी होते हे पाहिलं, तर इतर योजनांचं दुखणं लवकर उमगतं.

कायद्याने कारभाऱ्याला कसं बांधलं होतं? एक हिशेब करून सांगाल का?

आमच्याच एका गावचा आकडा घेतो. बेचाळीस बायांनी प्रत्येकी चौदा दिवसांचं काम मागितलं. म्हणजे ५८८ मनुष्यदिवस. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, तोच धरू.

काम दिलं तर मजुरी होते १ लाख ८३ हजार ४५६ रुपये. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा हा सगळा पैसा केंद्राचा. काम दिलं नाही तर पहिल्या तीस दिवसांसाठी भत्ता मजुरीच्या किमान पाव हिश्शाएवढा, म्हणजे दिवसाला ७८ रुपये. पुढे किमान निम्मा. बेचाळीस जणींचे चौदा दिवसांचे होतात ४५ हजार ८६४ रुपये, आणि हे सगळे राज्य सरकारच्या खिशातून.

ही रचना विचारपूर्वक केलेली होती. राज्याने काम काढलं तर मजुरीचा खर्च दुसऱ्याचा, काम टाळलं तर भत्त्याचा खर्च स्वतःचा. मग कोणतंही शहाणं राज्य काम काढेल. धन्याने कारभाऱ्याचं हित आपल्या हिताशी जोडलं, ते असं. पाठ्यपुस्तकात याला प्रोत्साहनसुसंगत करार म्हणतात.

मग बिघडतं कुठे?

पोचपावतीत.

भत्त्याचा काटा कधी फिरायला लागतो? अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून पंधरा दिवस संपले की. काम पुढच्या तारखेपासून मागितलं असेल तर त्या तारखेपासून. म्हणजे अख्ख्या कराराचा पाया एकच पुरावा आहे : अमुक तारखेला अमुक बाईने काम मागितलं. हा पुरावा तयार करायचं काम कायद्याने कोणावर टाकलं? ज्याची चूक त्याने सिद्ध होणार आहे, त्याच यंत्रणेच्या गावातल्या माणसावर.

त्या बेचाळीस जणी ग्रामपंचायतीत गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. सकाळची अकराची वेळ. रोजगार सेवक टेबलाशी होता. नमुना चारचे अर्ज त्याने हसून घेतले, रबर लावून कपाटात ठेवले. मी पोच मागितली. तो माझ्याकडे न बघता पुढच्या मावशींना म्हणाला, "पोच कशाला पाहिजे मावशी? काम निघालं की फोन करतो की. मी काय परका हाय का?"

मावशी गप्प बसल्या. त्यांच्याच भावकीतला मुलगा तो. त्याच्यावर अविश्वास दाखवायचा कसा? आम्ही परत आलो. काम निघालं एकोणपन्नास दिवसांनी, नाल्याच्या गाळाचं. संगणकावर मागणीची तारीख पडली हजेरीपट सुरू व्हायच्या दोन दिवस आधीची. कागदोपत्री त्या गावात एकाही बाईला दोन दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागलं नव्हतं. मधल्या काळात बेचाळीसपैकी अकरा जणी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेल्या होत्या.

सगळा विषय या दोन तारखांमधल्या फरकात आहे. कोणी पैसे खाल्ले नाहीत, खोटी हजेरी लावली नाही. फक्त एक कागद दिला नाही आणि कायद्याचा कणा मोडला.

पण रोजगार सेवकाला तर कामावरच पैसे मिळायचे. मग तो मागणी का दडपेल?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण वरवर पाहता इथे सिद्धांत खोटा ठरतो. बरीच वर्षं रोजगार सेवकाला मानधन मिळायचं ते गावात झालेल्या मजुरीच्या टक्केवारीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने महिना ८००० रुपयांचं मानधन जाहीर केलं. टक्केवारी असताना जास्त काम म्हणजे त्याचं जास्त उत्पन्न. मग त्याने मागणी गोळा करत फिरायला हवं होतं.

नीट बघा, त्याला पैसे मिळायचे झालेल्या कामावर, मागितलेल्या कामावर नाही. मागणी आणि काम यांच्यामध्ये ज्या पायऱ्या आहेत त्या त्याच्या हातात नाहीत. शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या तयार यादीत, काम असावं लागतं, अंदाजपत्रक व्हावं लागतं, तांत्रिक मंजुरी लागते, तालुक्यातून हजेरीपट निघावा लागतो, दर आठवड्याला तांत्रिक सहायकाने येऊन मोजमाप करावं लागतं. एकाच तांत्रिक सहायकाकडे बरीच गावं असतात. शेल्फ रिकामं असताना त्याने पोच दिली तर त्याच्या पदरात रुपयाही पडत नाही, उलट वरून फोन येतो : "काम नसताना मागणी का घेतलीस? आता भत्त्याचं कोण निस्तरणार?"

पोच देण्याची जोखीम पूर्ण त्याची, आणि काम निघण्याचा निर्णय दुसऱ्याचा. तो मागणी दडपतो ती आळसाने नव्हे. त्याच्या जागी बसलेला कोणताही माणूस स्वतःला वाचवायला तेच करेल. हे मला मान्य करायला वेळ लागला. सुरुवातीला मी त्याच्यावर फार चिडायचो.

कारभाऱ्याचे दुसरे धनी असतात तेही विसरू नका. रोजगार सेवकाची निवड ग्रामसभा करते. गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्या बागा असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी या दिवसांत त्यांना मजूर हवे असतात, आणि नेमकं तेव्हाच हमीचं काम निघालं तर मजुरी वाढवून द्यावी लागते. कोणी उघड काही बोलत नाही. "एवढी छाटणी उरकू दे," एवढं पुरतं.

वरच्या अधिकाऱ्यांना हे कळत नाही का? सगळं तर ऑनलाइन आहे.

ऑनलाइन आहे म्हणूनच कळत नाही, असं माझं मत आहे. संगणकात मागणीची तारीख खालचाच माणूस भरतो. तालुक्याच्या आकडेवारीत काम मागणारे आणि काम देऊ केलेले यांचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात. वर बसलेला अधिकारी समाधानाने पुढचं पान उलटतो. वास्तविक हे आकडे इतके सारखे असणं हेच संशयाचं कारण आहे. दुष्काळी तालुक्यात उन्हाळ्यात काम मागणारे आणि मिळणारे यांच्यात अंतर पडणारच. अंतर दिसत नसेल तर याचा अर्थ काम निघाल्यावरच मागणी भरली जाते आहे.

तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर एवढं करा. रोजगार हमीच्या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या दहा-पंधरा कुटुंबांची जॉबकार्डं उघडा. त्यात तीन तक्ते दिसतात : `Requested Period of Employment`, `Period and Work on which Employment Offered` आणि `Period and Work on which Employment Given`. पहिल्यातल्या आणि तिसऱ्यातल्या तारखा शेजारी शेजारी लिहून काढा. वर्षभर प्रत्येक घराची मागणी काम सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधीच येत असेल, आणि एकाच दिवशी चाळीस घरांना काम मागावंसं वाटत असेल, तर त्या तारखा मजुरांच्या नाहीत. मग त्या घरांत जाऊन विचारा, तुम्ही अर्ज कधी दिला होता? बायांना तारीख आठवत नाही, पण "पोळ्याच्या आधी" किंवा "यल्लमाची जत्रा झाली त्या आठवड्यात" हे पक्कं आठवतं. तेवढं पुरतं.

मोबाइलवर फोटो काढून हजेरी लावायला लागल्यापासून तरी सुधारलं का?

जानेवारी २०२३ पासून देशभर कामाच्या ठिकाणी दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो टाकणं सक्तीचं झालं. हेतू खोटी हजेरी पकडण्याचा. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो.

यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त सलते. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की कारभाऱ्याकडे अनेक कामं असतील आणि त्यातलं एकच मोजलं जात असेल, तर त्याचे कष्ट त्या एका कामाकडे वळतात आणि न मोजलेली कामं मागे पडतात. रोजगार सेवकाचा दिवस आता रेंज शोधण्यात जातो. आमच्या एका गावात तळ्याच्या कामावर रेंज नसायची, म्हणून तो टेकडीवर चढून फोटो पाठवायचा. फोटो चुकला तर मजुरी अडकते, म्हणून तो ते मनापासून करायचा. अर्ज घेणं, पोच देणं, नोंदवही भरणं यांचा फोटो कोणी मागत नाही. शिवाय कामावर आलेल्या माणसाचाच फोटो निघतो. काम मागून न मिळालेली बाई कोणत्याच फोटोत येत नाही.

हा सरळसरळ भ्रष्टाचारच नाही का?

काही ठिकाणी आहे. यंत्राने खोदून मजुरांच्या नावे हजेरी लावणं हा भ्रष्टाचारच, आणि त्याला तसंच म्हणावं. पण पोच न देणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवलं तर उपाय चुकतात. चोर बदलला तरी त्या खुर्चीवर बसणारा नवा प्रामाणिक माणूस महिन्याभरात तेच करायला लागतो.

सामाजिक अंकेक्षणाने हे सुटत नाही का?

कायद्यात कलम १७ खाली ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं होतं. म्हणजे खऱ्या धन्याने स्वतः कारभाऱ्याचा हिशेब तपासायचा. कल्पना उत्तम. आंध्र प्रदेशाने त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी केली आणि देशात सगळ्यात गंभीरपणे हे काम केलं. तिथल्या अहवालांचा अभ्यास फरझाना आफ्रिदी आणि वेगार्ड आयव्हर्सन यांनी केला. अंकेक्षणं वारंवार होऊनही मजुरीतली अनियमितता ठळकपणे घटल्याचं त्यांना आढळलं नाही, आणि साहित्याच्या खर्चातली अनियमितता तर वाढलेली दिसली. सापडलेल्या चुकांवर कडक कारवाई फार क्वचित झाली होती. माहिती मिळाली, पण तिच्यामागे परिणाम आला नाही, तर कारभारी जागा बदलतो, वागणं बदलत नाही.

पोचेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अंकेक्षण कागद तपासतं. जो कागद जन्मालाच आला नाही तो तपासायचा कसा?

मग फरक कशाने पडतो?

माझ्या अनुभवात दोन गोष्टींनी.

पहिली, पुरावा तयार करण्याचं काम त्याच्या हातून काढून घेणं. अर्ज ग्रामपंचायतीतच द्यावा असं बंधन नव्हतं, तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही देता यायचा. पुढच्या खेपेला आम्ही बेचाळीस अर्ज एकत्र जोडले, वर एक पत्र लावलं आणि तहसीलच्या आवक टेबलावर दिले. आवक कारकुनाला रोजगार हमीशी काही देणंघेणं नसतं. त्याचं काम शिक्का मारून क्रमांक घालण्याचं, ते त्याने अर्ध्या मिनिटात केलं. त्या शिक्क्यानंतर बाराव्या दिवशी काम निघालं. त्याच माणसांनी, त्याच शेल्फमधून काढलं. रोजगार सेवक नंतर मला म्हणाला, "बरं झालं वरनं आलं. आता मला कोण बोलत नाही."

त्याचं हे वाक्य मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. जोखीम त्याच्या डोक्यावरून उतरल्याबरोबर तो आमच्या बाजूला आला.

दुसरी गोष्ट, धन्याने मजुरालाच थेट विचारणं. तेलंगणात २०१८ मध्ये रयतु बंधू योजनेचे धनादेश वाटताना कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं की लाभार्थींना फोन करून वाटप कसं झालं ते विचारलं जाईल आणि त्यावरून तुमचं काम पाहिलं जाईल. एवढ्यानेच त्या भागांत जास्त शेतकऱ्यांना धनादेश मिळाले, वेळेवरही मिळाले, आणि सुधारणा फार मोठी नसली तरी खर्चाच्या मानाने कितीतरी पटीने मोलाची होती. जॉबकार्डावर मोबाइल क्रमांक असतातच. तालुक्यातून आठवड्याला तीस घरांना फोन करून "तुम्ही काम मागितलंत का, कधी, पोच मिळाली का" एवढे तीनच प्रश्न विचारले तर खालून भरलेल्या तारखा ताडून बघता येतील. ही माहिती साखळीतून चढत येत नाही, म्हणून ती वाटेत गाळलीही जात नाही.

ही चौकट कुठे अपुरी पडते?

ती धन्याला सज्जन धरून चालते आणि सगळा संशय कारभाऱ्यावर घेते. पण धनीही शब्द मोडतो. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई, असा नियम होता. भरपाईचा हिशेब मात्र तालुक्यातून पैसे सोडण्याच्या आदेशावर सह्या होईपर्यंतच व्हायचा. त्यानंतर केंद्राकडून पैसे यायला महिना लागला तरी तो उशीर धरलाच जात नव्हता. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानच्या प्रकरणात हे चुकीचं ठरवलं आणि दुसऱ्या टप्प्यातला उशीर ही केंद्राचीच जबाबदारी असल्याचं सांगितलं. म्हणजे मोजमापाचा नियम लिहिणाऱ्याने स्वतःचा उशीर मोजमापाबाहेर ठेवला होता. रोजगार सेवक पोच देत नाही आणि दिल्ली स्वतःचा उशीर मोजत नाही, या दोन्हींत मला एकच वृत्ती दिसते.

नव्या कायद्याने काय बदलतं?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी विकसित भारत गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण) हा कायदा मंजूर केला. हमीचे दिवस शंभरावरून सव्वाशे झाले. पण महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० झाली, आणि केंद्राने नेमून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याचा.

आता वरचाच हिशेब पुन्हा मांडू. ३१२ रुपयांच्या मजुरीतले राज्याचे ४० टक्के म्हणजे १२४ रुपये ८० पैसे. भत्त्याचा दर जुनाच धरला तर पहिल्या तीस दिवसांत काम न देण्याची किंमत ७८ रुपये. पूर्वी राज्याला काम देणं स्वस्त होतं, आता पहिल्या महिन्यात काम न देणं स्वस्त पडतं. तीस दिवसांनंतर भत्ता १५६ रुपये होतो तेव्हा पारडं पुन्हा फिरतं, पण तिथपर्यंत पोचायला आधी पोच हवी. पूर्वी पोच न देण्यात भत्त्याची भीती नसली तरी राज्याचा फायदाही फारसा नव्हता. यापुढे वरपासून खालपर्यंत सगळ्यांचंच हित मागणी न नोंदण्यात असेल, आणि ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते.

आमच्या गावात पोच देत नाहीत. उद्या सकाळी काय करायचं?

एकटीने जाऊ नका, दहा-बारा जणींनी मिळून जा. अर्जाच्या दोन प्रती करा. दोन्हींवर तारीख, जॉबकार्डाचा क्रमांक आणि किती दिवसांचं काम कोणत्या तारखेपासून हवं ते लिहा. ग्रामपंचायतीत दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागा. "नंतर देतो" म्हणाले तर तिथे वाद घालू नका, त्याच दिवशी तालुक्याला जाऊन आवक टेबलावर द्या. गाडीभाडं परवडत नसेल तर गावच्या टपाल कार्यालयातून कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जॉबकार्डात घालून ठेवा. पंधरा दिवसांनी काम निघालं नाही तर भत्त्याचा अर्ज करा, त्याला ती पावती जोडा. काम निघालं, तर संगणकावर मागणीची कोणती तारीख पडली ते बघा. ती तुमच्या पावतीवरच्या तारखेपेक्षा वेगळी असेल तर त्या पानाची छापील प्रत काढून पावतीसोबत ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा.